गॅलरीजवळची तार आणि एक पानी अर्ज

‘आमच्या गॅलरीजवळून लाइटची वायर गेली आहे. ती फार खाली आली असून धोकादायक आहे. तरी सदर वायर दुसरीकडे हलवावी, ही विनंती.’

माझ्या मावशीने वीज कंपनीच्या शाखा कार्यालयात दिलेला हा अर्ज. भाषा साधी, अक्षर सुंदर आणि तक्रार शंभर टक्के खरी. तरीही खिडकीतल्या कारकुनाने तो वाचून परत दिला. “मावशी, हे शिफ्टिंगचं काम आहे. एस्टिमेट निघेल, पैसे भरावे लागतील,” असे त्याने सांगितले. मावशी घरी आली ती असे समजूनच की तार कंपनीची असली तरी खर्च आपल्यालाच करावा लागणार.

कारकून खोटे बोलत नव्हता. अर्जात ‘हलवावी’ असे लिहिले होते, आणि ग्राहकाच्या मागणीवरून लाइन एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे हे ग्राहकाच्या खर्चाने होणारे काम आहे. त्यासाठी अंदाजपत्रक तयार होते, मंजुरी लागते, रक्कम भरावी लागते आणि मग काम. झोळ पडलेली तार पूर्ववत ताणणे हे मात्र कंपनीचे नेहमीचे देखभालीचे काम आहे, त्याचा खर्च ग्राहकाकडून घ्यायचा नसतो. मावशीला हवे होते दुसरे आणि तिने मागितले होते पहिले. त्या तीन ओळींत आणखीही काही गोष्टी राहून गेल्या होत्या. त्या कोणत्या, हे समजण्यासाठी आधी तारेकडे नीट पाहावे लागते.

खांबापासून एखाद्या घराच्या मीटरपर्यंत जाते ती सर्व्हिस लाइन, आपल्या बोलण्यातली सर्व्हिस वायर. गल्लीत खांबाखांबांवरून जाणारी मुख्य लाइन वेगळी. सर्व्हिस लाइन सहसा प्लॅस्टिकचे वेष्टन असलेली ॲल्युमिनियमची केबल असते. ॲल्युमिनियम मऊ, त्याला स्वतःचे वजन लांबवर पेलवत नाही. म्हणून खांबावरून भिंतीवरच्या लोखंडी कंसापर्यंत आधी जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार ताणून बांधतात आणि केबल ठरावीक अंतरावर तिला अडकवतात. या तारेला बेअरर वायर म्हणतात, लाइनमनच्या बोलण्यात जीआय तार. वीज केबलमधून जाते, ओझे जीआय तार वाहते. वाळत घातलेल्या कपड्यांचे वजन दोरीवर असते, तसेच.

मावशीच्या गॅलरीसमोरची सर्व्हिस लाइन तिच्या घराची नव्हतीच. कोपऱ्यावरच्या खांबापासून मागच्या घराच्या भिंतीपर्यंत ती जात होती आणि वाटेत पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीला समांतर होती. खांब ते भिंत अंतर साधारण २० मीटर. गल्लीत उभे राहून वर पाहिले तेव्हा तीन गोष्टी दिसल्या. मागच्या घराच्या भिंतीतला कंस पुढे झुकला होता, त्याचा वरचा बोल्ट गिलाव्यासकट सुटून आला होता. जीआय तार खांबाकडच्या बाजूला गंजून तुटली होती, तिचे टोक केबलला गुंडाळल्यासारखे लोंबत होते. आणि टीव्हीच्या व इंटरनेटच्या चार-पाच वायरी कुणीतरी याच केबलला बांधून पुढे नेल्या होत्या.

झोळ वाढण्याचे गणित थोडे चकवणारे आहे. २० मीटरच्या अंतरात तारेला मध्यभागी एक फूट झोळ असेल, तर त्या तारेची लांबी सरळ रेषेपेक्षा जेमतेम सव्वा सेंटिमीटर जास्त असते. भिंतीतला कंस खांबाच्या दिशेने दहा सेंटिमीटर झुकला की झोळ एका फुटावरून जवळपास तीन फुटांवर जातो. टोकाला बोटभर ढिलाई आली की मध्यभागी हातभर फरक पडतो. म्हणून लोकांना तार एका पावसाळ्यात अचानक खाली आल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात ती ढिलाई कंसात नाहीतर खांबाच्या ताणात, म्हणजे खांबाला जमिनीशी बांधणाऱ्या तिरक्या तारेत, हळूहळू जमत आलेली असते.

झोळ वाढला की तार खाली येते, शिवाय ती जास्त लांबवर झुलू लागते. एक फुटाचा झोळ असलेली तार वाऱ्याने कितीही हलली तरी बाजूला एक फुटापलीकडे जाऊ शकत नाही. तीन फुटांचा झोळ असेल आणि जोराच्या वाऱ्यात ती ४५ अंशांपर्यंत कलली, तर ती साठ सेंटिमीटरांहून जास्त बाजूला सरकते. मावशीच्या ग्रिलपासून ती शांत हवेत ५५ सेंटिमीटरवर होती. वळवाचा एखादा सोसाटा आला असता तर ती ग्रिलला घासलीच असती.

आता नियम काय सांगतो? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा आणि वीजपुरवठ्यासंबंधीचे विनियम २०२३ मध्ये नव्याने लागू झाले. त्याआधी २०१० चे होते आणि त्याच्याही आधी १९५६ चे भारतीय वीज नियम. घरगुती दाबाच्या लाइनसाठी, म्हणजे ६५० व्होल्टपर्यंतच्या तारांसाठी आणि सर्व्हिस लाइनसाठी, दोन अंतरे यांत दिलेली आहेत. तार इमारतीच्या वरून जात असेल तर उघड्या गॅलरीच्या किंवा गच्चीच्या सर्वांत उंच बिंदूपासून उभे अंतर किमान २.५ मीटर. बाजूने जात असेल तर सर्वांत जवळच्या बिंदूपासून आडवे अंतर किमान १.२ मीटर. माणूस पोहोचू शकतो अशा कोणत्याही जागेपासून हे मोजायचे. उभे अंतर तारेला जास्तीत जास्त झोळ असताना आणि आडवे अंतर तार वाऱ्याने जास्तीत जास्त कललेली असताना धरायचे. सकाळी थंड हवेत, वारा पडलेला असताना मोजलेले अंतर हे सर्वांत फसवे अंतर असते.

मावशीला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मग झालं की. सव्वा मीटर पाहिजे आणि दोन फुटांवर आहे. एवढंच लिहिते.” एवढे पुरत नाही. याच नियमात पुढे एक पोटकलम आहे आणि कंपनीचे उत्तर सहसा त्यावरच टेकलेले असते. अंतर ठरल्यापेक्षा कमी असले तरी चालेल, पण दोन अटींवर. तारेवर पुरेसे वेष्टन असले पाहिजे, आणि ती ठरावीक अंतरावर अशा बेअरर वायरला बांधलेली असली पाहिजे जी अर्थिंग केलेली आहे आणि किमान ३५० किलो ताण सोसते. दाट वस्तीच्या गल्ल्यांत सव्वा मीटर मोकळी जागा पुष्कळदा नसतेच, म्हणून ही सवलत. तेव्हा नुसते अंतर लिहिले तर ‘सदर लाइन इन्सुलेटेड केबलची असल्याने धोका नाही’ असे उत्तर येऊ शकते आणि कागदावर ते बरोबरही दिसते.

मावशीच्या अर्जाचा खरा जीव म्हणून त्या तुटलेल्या जीआय तारेत होता. बेअरर वायर तुटली की सवलतीची दुसरी अट मोडली, मग १.२ मीटरचा नियम जसाच्या तसा लागू होतो. तिच्या पहिल्या अर्जात या तारेचा उल्लेखच नव्हता, कारण ती काय असते हेच तिला ठाऊक नव्हते. आपल्यापैकी किती जणांना असते? गॅलरीसमोरून जाणाऱ्या केबलच्या वर किंवा तिला लगटून एक बारीक, उघडी, करड्या रंगाची तार खांबापासून भिंतीपर्यंत अखंड जाते का, एवढे पाहायचे. मध्येच केबल एकटी लोंबताना दिसली तर तिथे बेअरर नाही. केबलचे वेष्टनही जमिनीवरून दिसते तेवढे पाहायचे. वर्षानुवर्षे उन्हात राहिलेले प्लॅस्टिक पांढुरके, ठिसूळ होते आणि वळणावर तडकते. अशा तडकलेल्या वेष्टनाला पुरेसे वेष्टन म्हणता येणार नाही.

वेष्टन तडकलेली केबल लोखंडी ग्रिलला टेकली तर काय होते, हे मला इथे थोडे सविस्तर सांगायचे आहे, कारण यात एक गैरसमज आहे. “आमच्याकडे ईएलसीबी बसवलाय, शॉक लागायच्या आधी लाइट जाते,” असे अनेक जण निर्धास्तपणे सांगतात. मीटरच्या पुढे घरात गेलेल्या विजेसाठी ते खरे आहे. ३० मिलीअँपिअर गळती झाली की ते उपकरण पुरवठा तोडते. गॅलरीबाहेरची सर्व्हिस लाइन मात्र त्या उपकरणाच्या मागे, खांबाच्या बाजूला असते. तिच्यातून गळलेली वीज आपल्या ईएलसीबीला कळतसुद्धा नाही. तिच्यावर पहारा असतो तो रोहित्राजवळच्या, म्हणजे डीपीतल्या फ्यूजचा, आणि तो फ्यूज अख्ख्या गल्लीचा भार वाहण्यासाठी असतो. माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह एका अँपिअरच्याही आत असतो. तेवढ्याने माणूस मरू शकतो, फ्यूज उडत नाही. ग्रिल भिंतीत रोवलेले असते, भिंत कोरडी असेल तर फारसा प्रवाह जमिनीत जात नाही आणि ग्रिल तसेच जिवंत राहते. मग कुणीतरी ओल्या हाताने टॉवेल वाळत घालायला येते.

अंतर मोजताना तारेजवळ जायचेच नाही. स्टीलचा टेप गॅलरीतून बाहेर काढणे, बांबूने तार ढकलून पाहणे, ग्रिलमधून हात बाहेर घालणे, यातले काहीही करायचे नाही. आडवे अंतर जमिनीवर मोजता येते. गॅलरीच्या कडेवरून पावसाचे पाणी जिथे ठिबकते तिथे खालच्या फरशीवर शेवाळाची हिरवी-काळी रेघ पडलेली असते. ती गॅलरीच्या कडेची रेघ. मग गल्लीत जरा लांब, तारेच्या रांगेत उभे राहायचे आणि डोळ्यांसमोर दोऱ्याला बांधलेली किल्ली ओळंब्यासारखी धरायची. एक-दोन पावले डावीकडे-उजवीकडे सरकत दोरा आणि तार एकावर एक आली की आपण तारेच्या बरोबर खालच्या रेषेत उभे आहोत. दुसऱ्या माणसाने त्या रेषेत, गॅलरीसमोर, खडूने खूण करायची. शेवाळाच्या रेघेपासून खडूच्या खुणेपर्यंत कापडी टेपने मोजले की आडवे अंतर मिळते.

मावशीकडे ते एक मीटर भरले. पण तिच्या गॅलरीला बाहेर काढलेले पेटीसारखे ग्रिल होते, कुंड्या ठेवायला केलेले, ४५ सेंटिमीटर पुढे आलेले. ते वजा केले की ५५ सेंटिमीटर उरले. ग्रिल घर बांधल्यानंतर पुष्कळ वर्षांनी लावलेले. “ग्रिलचं लिहू नको, नाहीतर तेच चूक काढतील,” असा सल्ला शेजाऱ्यांनी दिला. मी उलट सांगितले. पाहणीला आलेल्या अभियंत्याला ग्रिल दिसणारच आहे. अर्जात दोन्ही अंतरे लिहिली की ग्रिल धरले नाही तरी १.२ मीटरला २० सेंटिमीटर कमीच पडतात, हे कागदावरच येते. मग ग्रिलवर वाद घालण्याला फारसा अर्थ उरत नाही.

याला जोडूनच प्रश्न येतो आधी कोण, तार की गॅलरी? लाइन आधीपासून असेल आणि नंतर कुणी गॅलरी बाहेर काढली किंवा मजला चढवला, तर नियम उलट बाजूला झुकतो. बांधणाऱ्याने आधी कंपनीला आणि विद्युत निरीक्षकांना कळवायचे असते आणि लाइन बदलावी लागली तर तिचा खर्च सोसायचा असतो. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीतही विजेच्या तारांपासून हीच अंतरे सोडायला सांगितले आहे. म्हणून मंजूर नकाशाची प्रत, पूर्णत्वाचा दाखला किंवा गॅलरी दिसणारा जुना फोटो, जे हाताशी असेल ते अर्जाला जोडावे. मावशीच्या मंजूर नकाशात गॅलरी होती आणि मागच्या घराचा वीजजोड तिच्या घरानंतरचा होता. ज्यांची गॅलरी नंतरची आहे त्यांनीही अर्ज करावाच, कारण तुटलेली बेअरर वायर आणि झुकलेला कंस यांची दुरुस्ती तरीही कंपनीचीच आहे. फक्त लाइन दूर नेण्याचा खर्च आपल्यावर येईल, हे गृहीत धरावे.

सर्व्हिस लाइन टाकताना तिचे पैसे ग्राहकाने भरलेले असतात, म्हणून ती त्याची, असेही पुष्कळांना वाटते. मागच्या घरातल्या काकांनाही तसेच वाटत होते. “वायर माझी आहे, मी वायरमन बोलावून ताणून घेतो,” असे ते भल्या मनाने म्हणाले. मीटरपर्यंतची लाइन कंपनीच्या ताब्यात असते आणि ती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी कंपनीची असते. खाजगी वायरमनने तिला हात लावायचा नाही. लावला तर तो चालू लाइनवर काम करेल, कारण खांबावरून पुरवठा बंद करण्याचा अधिकार त्याला नाही. कंपनीचे कर्मचारी आधी परमिट घेतात, म्हणजे लाइन बंद केल्याची रीतसर परवानगी, आणि मगच खांबावर चढतात.

हे सगळे ध्यानात घेऊन मावशीने अर्ज पुन्हा लिहिला. नावे आणि क्रमांक वगळून तो असा होता:

प्रति,
सहायक अभियंता, शाखा कार्यालय

विषय: झोळ पडलेल्या सर्व्हिस लाइनच्या तातडीच्या दुरुस्तीबाबत

संदर्भ: दूरध्वनीवरील तक्रार क्रमांक व दिनांक, माझा ग्राहक क्रमांक, खांब क्रमांक, डीपीचे नाव

महोदय,
वरील खांबावरून माझ्या घरामागील इमारतीस गेलेली सर्व्हिस लाइन माझ्या पहिल्या मजल्यावरील गॅलरीच्या कठड्याच्या उंचीपर्यंत खाली आली आहे. जमिनीवरून मोजले असता तिचे गॅलरीच्या कडेपासूनचे आडवे अंतर १ मीटर आणि ग्रिलपासूनचे अंतर ५५ सेंटिमीटर आहे. हे अंतर वारा नसताना मोजलेले आहे. ग्रिल गॅलरीच्या बाहेर ४५ सेंटिमीटर आहे.

सदर केबलची बेअरर वायर खांबाच्या बाजूला तुटलेली असून मागील इमारतीच्या भिंतीतील कंसाचा वरचा बोल्ट निखळला आहे. केबलला इतर सेवांच्या वायरी बांधलेल्या आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार सर्व्हिस लाइनचे आडवे अंतर किमान १.२ मीटर असावे लागते. त्याहून कमी अंतर असल्यास केबल अर्थिंग केलेल्या अखंड बेअरर वायरवर असणे आवश्यक आहे. येथे दोन्हींची पूर्तता होत नाही.

गॅलरी मंजूर नकाशाप्रमाणे आहे. नकाशाची प्रत व तीन फोटो सोबत जोडले आहेत. गॅलरीचा वापर आम्ही सध्या बंद ठेवला आहे.

तरी कृपया जागेची पाहणी करून कंस पक्का करावा, बेअरर वायर बदलून लाइन ताणून घ्यावी, वेष्टन खराब असल्यास केबल बदलावी आणि केलेल्या कार्यवाहीबाबत लेखी कळवावे, ही विनंती. हा अर्ज लाइन स्थलांतरासाठी नसून देखभाल-दुरुस्तीसाठी आहे.

आपली विश्वासू,
(सही, पत्ता, मोबाइल क्रमांक, दिनांक)

प्रत माहितीसाठी: १. उपविभागीय कार्यालय २. विद्युत निरीक्षक, जिल्हा कार्यालय

अर्ज एका पानात बसला. यात कुणावर राग नाही, ‘जीवितहानी झाल्यास आपण जबाबदार राहाल’ हे आपल्याकडच्या अर्जांतले ठरलेले वाक्यही नाही. मला ते मुद्दाम नको होते. त्या वाक्याने लाइनमनला खांबावर काय न्यायचे हे कळत नाही. बोल्ट निखळला आहे आणि जीआय तार तुटली आहे, हे वाचून तो सामान बरोबर घेऊन येऊ शकतो. ‘तार खाली आली आहे’ एवढेच वाचून आला तर पाहून जातो आणि सामानासाठी पुन्हा कधी येईल ते सांगता येत नाही.

फोटोंबद्दल थोडे. एक फोटो गल्लीतून असा घ्यायचा की खांब, तार आणि गॅलरी तिन्ही एकत्र दिसतील. खांबावर रंगवलेला क्रमांक वाचता येईल असा दुसरा. तिसरा तुटलेल्या जागेचा, जमिनीवरून झूम करून. गॅलरीत उभे राहून तारेचा जवळून फोटो काढायच्या मोहात पडू नये. त्यात अंतर समजत नाही आणि हात मात्र तारेजवळ जातो.

संदर्भात दूरध्वनीवरच्या तक्रारीचा क्रमांक आहे, त्याला कारण आहे. ठिणग्या उडताहेत, ग्रिलला झिणझिण्या येताहेत, तार ग्रिलला टेकली आहे किंवा जमिनीवर पडली आहे, अशा वेळी अर्ज लिहीत बसायचे नाही. सगळ्यांना दूर ठेवून १९१२ या वीजतक्रारीच्या क्रमांकावर लगेच फोन करायचा. अर्ज नंतर. तातडी तेवढी नसली तरी आधी फोनवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक अर्जात लिहिला की कंपनीला कधी कळवले त्याची तारीख पक्की होते. अर्ज नेहमी दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर स्पीड पोस्टने पाठवावा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवावी.

विद्युत निरीक्षकांना प्रत का? हे कार्यालय वीज कंपनीचे नाही, राज्य सरकारचे आहे, आणि वीज कायदा २००३ प्रमाणे सुरक्षिततेची तपासणी हे त्याचे काम आहे. अनेक ग्राहकांना ते आपल्या जिल्ह्यात आहे हेच माहीत नसते. बिलाचा वाद ते सोडवत नाहीत, पण तारेचे अंतर कमी आहे का, याबाबत त्यांचे म्हणणे वजनदार असते.

मावशीच्या गल्लीत पुढे काय झाले ते सांगतो. शाखेतले अभियंता पाहणीला आले, त्यांनी अर्ज हातात धरूनच एकेक गोष्ट तपासली. काही दिवसांनी लाइनमन आले, परमिट घेऊन पुरवठा बंद केला, बांधलेल्या परक्या वायरी आधी सोडवल्या, नवीन जीआय तार ओढली, कंस थोडा वर घेऊन पक्का केला. केबल वळणावर तडकलेली होती म्हणून तीही बदलली. तार आता कठड्याच्या बरीच वर आहे आणि झोळ कमी झाल्याने वाऱ्यात फारशी झुलत नाही.

आडवे अंतर मात्र तेवढेच राहिले. तार ताणल्याने वर जाते, बाजूला सरकत नाही, आणि गल्ली काही रुंद होत नाही. अभियंत्यांनी हे सरळ सांगितले. केबल नवीन आहे, बेअरर अखंड आहे आणि अर्थिंगला जोडली आहे, म्हणजे नियमातली सवलत लागू होते. “ग्रिल मात्र आत घ्या, मावशी, तेवढं तुमच्याकडून करा,” असे ते म्हणाले. मावशीने लोहार बोलावून पेटी कापून ग्रिल कडेला सपाट बसवून घेतले. त्या कामाच्या वेळीही कंपनीला आधी कळवून पुरवठा बंद ठेवायला सांगितला होता. तारेपासून एका मीटरवर वेल्डिंग आणि लोखंडाच्या लांब पट्ट्यांची हलवाहलव चालू लाइनखाली करू देणे धोक्याचे होते.

काम झाल्यावर तिने आणखी एक चार ओळींचे पत्र दिले. अमुक तारखेच्या अर्जानुसार दुरुस्ती झाली, बेअरर वायर व केबल बदलली, धन्यवाद. हेही जपून ठेवण्यासारखे आहे. पुढे कधी तार पुन्हा खाली आली तर आधीची दुरुस्ती केव्हा आणि काय झाली हे तिच्या हातात असेल. उन्हाळ्यातल्या एका दुपारी, तार तापून जास्तीत जास्त ढिली झालेली असते तेव्हा, एकदा वर पाहून घ्यायचे हे तिने आता ठरवूनच टाकले आहे.

सगळ्यांच्या वाट्याला असे अभियंता येत नाहीत. अर्जाला उत्तर आले नाही किंवा ‘धोका नाही’ एवढेच उत्तर आले, तर उपविभागाला स्मरणपत्र द्यावे आणि त्यानेही झाले नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जावे. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे दाद मागता येते. वकील असावाच लागत नाही. मंचाचा निर्णय पटला नाही तर विद्युत लोकपाल आहेत, मुंबई आणि नागपूरला. पोच घेतलेला अर्ज, अंतराची नोंद आणि तारखेचे फोटो हेच तिथे उपयोगी पडतात.

या मंचाला एक मर्यादा आहे आणि ती प्रत्येकाला ठाऊक असायला हवी. वीज कायद्याच्या कलम १६१ खाली येणाऱ्या, म्हणजे विजेच्या अपघातांच्या, तक्रारी तो ऐकू शकत नाही. अपघात झाल्यावर विद्युत निरीक्षकांची चौकशी, पोलीस आणि नुकसानभरपाईचे वेगळे मार्ग सुरू होतात. झोळ पडलेल्या तारेसाठी मंचाचे दार अपघात होण्याआधीच उघडे असते. तुमच्या गॅलरीसमोरची तार खाली आली असेल, तर पावसाळ्याची वाट न पाहता गल्लीत उभे राहून अंतर मोजा, जीआय तार अखंड आहे का ते पाहा आणि या आठवड्यातच अर्ज देऊन पोच घ्या.